मी जायचो, मला सवय आहे, मला सवय होतेय: ‘यूस्ट टू’ची तीन रूपं आणि पुढचं क्रियापद

मुलाखतीत इंग्रजीतून विचारलं, सकाळी किती वाजता उठता? उमेदवार म्हणाला, ‘आय यूस्ट टू गेट अप ॲट फाइव्ह.’ त्याला सांगायचं होतं की मी रोज पाचला उठतो. समोरच्याने ऐकलं ते असं: पूर्वी उठायचा, आता उठत नाही. छंद विचारला तर ‘आय यूस्ट टू रीड न्यूजपेपर्स’. म्हणजे वाचन सुटलं. लातूर-नांदेडच्या क्लासांत ही चूक रोज कानावर पडते आणि ती दुरुस्त होत नाही, कारण वाक्य व्याकरणात बसतं. बिघडतो तो अर्थ, आणि तोही थेट उलटा होतो.

या लेखातली इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत, कारण हा घोळ निम्मा कानाचा आहे. आपण ‘यूज्ड टू’ म्हणतो. पण ‘जायचो’ आणि ‘सवय आहे’ या दोन्ही अर्थांनी इंग्रजीत उच्चार ‘यूस्ट टू’ होतो आणि भरभर बोलताना ‘यूस्टू’ असा एकच शब्द ऐकू येतो. ‘वापरला जातो’ या अर्थी तोच शब्द आला की उच्चार ‘यूझ्ड’ होतो. पुढे त्याप्रमाणेच लिहिलंय. स्पेलिंग मात्र सगळीकडे एकच आहे, म्हणून साचे इंग्रजी अक्षरांत बघून घ्या:

```
used to + go
am/is/are/was/were + used to + going
get/getting/got + used to + going
```

पहिल्या ओळीत क्रियापदाचं पहिलं रूप आहे, खालच्या दोन ओळींत आयएनजी रूप. पाठ करायला एवढंच आहे. पण पाठ असूनही ऐन वेळी कोणती ओळ उचलायची हे सुचत नाही, आणि ते सुचायला आपली मराठीच कामाला येते.

आधी मराठी वाक्यात ‘सवय’ शोधा

इंग्रजी वाक्य जुळवायला घेण्याआधी तेच वाक्य मराठीत, घरी बोलतो तसं, मनात म्हणा.

मी पहाटे पाचला उठायचो.
मला पहाटे पाचला उठायची सवय आहे.
मला पहाटे पाचला उठायची सवय होतेय.

यांची इंग्रजी वाक्यं अशी होतात:

आय यूस्ट टू गेट अप ॲट फाइव्ह.
आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप ॲट फाइव्ह.
आय ॲम गेटिंग यूस्ट टू गेटिंग अप ॲट फाइव्ह.

पहिल्या मराठी वाक्यात ‘सवय’ हा शब्दच नाही. तिथे ‘उठायचो’ हे क्रियापद एकट्याने काम भागवतं, म्हणून इंग्रजीतही मागे ‘ॲम’ नको आणि पुढे आयएनजी नको. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात सवय आहे, तर इंग्रजीत ‘बी’ किंवा ‘गेट’ आलंच पाहिजे. मराठीत ‘मी’चं ‘मला’ झालं ही आणखी एक खूण. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘आय’च राहतो, त्यामुळे ही खूण इंग्रजी वाक्यात दिसत नाही, ती मराठीतच पकडावी लागते.

इथे एक खड्डा आहे. ‘उठायची सवय आहे’ यात ‘-ायची’ आहे आणि मुलगी बोलताना ‘मी पाचला उठायची’ म्हणते त्यातही ‘-ायची’च आहे. कानाला दोन्ही सारखंच लागतं, म्हणून मुलींच्या वहीत ‘आय ॲम यूस्ट टू गेट अप’ असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं वाक्य जास्त सापडतं. ‘-ायची’वर भरवसा ठेवू नका, ‘सवय’ शब्द आहे की नाही तेच बघा. शंका आलीच तर ‘उठायची’च्या जागी ‘उठण्याची’ घालून पाहा. ‘मला पाचला उठण्याची सवय आहे’ हे चालतं. ‘मी पाचला उठण्याची’ हे वाक्यच होत नाही. ‘-ण्याची’ चाललं तिथे इंग्रजीत आयएनजी येणार.

दुसरा खड्डा खास आपल्याकडचा. मराठवाड्यात ‘काय करायलास?’ विचारलं की उत्तर येतं ‘जेवायलो’, ‘गावाकडं जायलो’. हे आत्ताचं, चालू असलेलं काम आहे. त्याला इंग्रजीत ‘आय ॲम ईटिंग’, ‘आय ॲम गोइंग’. ‘जायचो’ हे जुनं, थांबलेलं. ‘जायलो’ आणि ‘जायचो’ यात एका अक्षराचा फरक आहे, पण इंग्रजीत दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे. शिवाय आयएनजी दिसलं की आपल्याला ‘-ायलो’ आठवतं, म्हणून ‘आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप’ हे वाक्य पोरांना चुकीचं वाटतं. ‘मी आत्ता थोडाच उठायलो?’ असा त्यांचा प्रश्न असतो आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की हे आयएनजी चालू काळाचं नाहीच. ते ‘उठणं’ या नामाचं आहे.

पहिला साचा: जे संपलं ते

‘यूस्ट टू’ला दोन गोष्टी लागतात. गोष्ट पूर्वी वारंवार घडायची किंवा बराच काळ तशी होती, आणि आता ती तशी नाही. आपल्या भागात याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. ‘धाराशिव यूस्ट टू बी कॉल्ड उस्मानाबाद.’ ‘मराठवाडा यूस्ट टू बी अ पार्ट ऑफ हैदराबाद स्टेट.’ ‘द ट्रेन टू लातूर यूस्ट टू रन ऑन अ नॅरो गेज लाइन.’ नाव बदललं, राज्य बदललं, बार्शी लाइनची छोटी गाडी जाऊन मोठा रूळ आला. तिन्ही वाक्यांत ‘यूस्ट टू’च्या पुढे ‘बी’ आणि ‘रन’ ही पहिली रूपं आहेत. कर्ता एक असो की अनेक, ‘यूस्ट’ बदलत नाही.

‘आता नाही’ हा अर्थ न सांगताच ऐकणाऱ्याला कळतो. तो नको असेल तर तसं उघड म्हणावं लागतं: ‘आय यूस्ट टू प्ले कबड्डी, अँड आय स्टिल डू.’ मुलाखतीत अडकलेल्या माणसाला याने एखाद्या वेळी निसटता येईल, पण सरळ रस्ता म्हणजे आजच्या सवयीला साधा वर्तमानकाळ. ‘आय गेट अप ॲट फाइव्ह.’ ‘आय यूज्वली रीड द पेपर इन द मॉर्निंग.’ ‘यूस्ट टू’ला वर्तमानकाळाचं रूपच नाही. ‘आय यूज टू गो’ असं म्हणून तो तयार करता येत नाही.

हा साचा कुठे थांबतो ते नीट समजून घ्यायला हवं, कारण मराठीतलं ‘-ायचो’ टाळलं तरी इथे चूक होते. किती वेळा आणि किती काळ हे मोजून सांगितलं की ‘यूस्ट टू’ गळतं आणि साधा भूतकाळ येतो. नांदेडला तीन वर्षं होतो: ‘आय लिव्ह्ड इन नांदेड फॉर थ्री इयर्स.’ ‘आय यूस्ट टू लिव्ह इन नांदेड फॉर थ्री इयर्स’ हे चूक. गेल्या वर्षी दोनदा पुण्याला गेलो: ‘आय वेन्ट टू पुणे ट्वाइस लास्ट इयर.’ पण ‘दर रविवारी बाजाराला जायचो’ याला ‘आय यूस्ट टू गो टू द मार्केट एव्हरी संडे’ चालतं. दर रविवारी हा रिवाज झाला. तीन वर्षं किंवा दोनदा ही मोजणी झाली. मराठीतही आपण ‘मी नांदेडला तीन वर्षं राहायचो’ म्हणत नाही, ‘राहिलो’ म्हणतो. कान इथे बरोबर सांगतो, त्याचं ऐका.

नकार आणि प्रश्न करताना ‘डिड’ येतो आणि ‘डी’ अक्षर खाऊन टाकतो, जसं ‘डिडन्ट गो’मध्ये ‘वेन्ट’चं ‘गो’ होतं.

```
I used to go.
I didn't use to go.
Did you use to go?
```

बोलताना फरक ऐकू येत नाही, कारण ‘यूस टू’ आणि ‘यूस्ट टू’ दोन्ही ‘यूस्टू’च होतात. लिहिताना मात्र परीक्षेत गुण जातात. छापील इंग्रजीत ‘डी’सह लिहिलेला नकारही अधूनमधून दिसतो, पण परीक्षेच्या उत्तरात तो धोका घेऊ नका. भीती वाटत असेल तर ‘नेव्हर’ वापरा: ‘आय नेव्हर यूस्ट टू गो.’ इथे ‘डिड’ नाही, म्हणून ‘डी’ जागेवर राहतो.

‘यूस्ट टू’ऐवजी ‘वुड’ही वापरतात हे पुस्तकात असतं. आजी गोष्टी सांगायची, याला ‘वुड टेल’ चालतं, कारण सांगणं ही कृती आहे. ‘वाडा मोठा होता’ यासारख्या स्थितीला ‘वुड’ चालत नाही, तिथे ‘यूस्ट टू बी’च. याहून जास्त त्यात काही नाही.

दुसरा साचा: आता काही वाटत नाही

‘बी यूस्ट टू’मध्ये ‘यूस्ट’ हे क्रियापद नाही. ते ‘सरावलेला’, ‘रुळलेला’ अशा विशेषणासारखं आहे. म्हणून काळ दाखवायचं काम ‘बी’ करतं: ‘आय ॲम यूस्ट टू’, ‘आय वॉज यूस्ट टू’, ‘यू विल बी यूस्ट टू’. ‘यूस्ट’ जसंच्या तसं राहतं. आणि इथला ‘टू’ म्हणजे आपल्या ‘सवय’च्या मागचा ‘-ची’. उन्हाची सवय, गर्दीची सवय, चालण्याची सवय. ‘-ची’च्या आधी मराठीत नाम लागतं किंवा क्रियापदाचं नाम करावं लागतं. इंग्रजीतही तेच: ‘टू’च्या पुढे नाम, नाहीतर आयएनजी लावून नाम केलेलं क्रियापद.

आय ॲम यूस्ट टू द हीट. (मला उन्हाची सवय आहे.)
आय ॲम यूस्ट टू वॉकिंग इन द हीट. (मला उन्हात चालण्याची सवय आहे.)

म्हणूनच ‘टू’ कोणता आहे हे ओळखायला त्याच्या पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘आय ॲम यूस्ट टू इट’ हे पूर्ण वाक्य आहे: मला त्याची सवय आहे. ‘आय यूस्ट टू इट’ म्हटलं तर ऐकणारा वाट बघत बसतो, काय करायचास ते सांग की! जिथे ‘इट’ बसतं तिथे आयएनजी बसतं. नियम विसरलात तरी ही चाचणी हॉलमध्ये बसून मनातल्या मनात करता येते.

आता अर्थाकडे. ‘सवय’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि ‘बी यूस्ट टू’ त्यातल्या एकालाच चालतं. ‘मला उन्हाची सवय आहे’ म्हणजे ऊन लागतं, पण त्याचं काही वाटत नाही. ‘त्याला तंबाखूची सवय आहे’ म्हणजे तो तंबाखू खातो, सुटत नाही. दुसऱ्या वाक्याला ‘ही इज यूस्ट टू टोबॅको’ म्हटलं तर अर्थ निसटतो; तिथे ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ च्यूइंग टोबॅको’ म्हणावं लागतं. नखं खायची सवय, उशिरा यायची सवय, मध्येच बोलायची खोड, हे सगळं ‘हॅबिट’च्या खात्यात जातं. निवाडा करायला वाक्यात ‘सवय आहे’ काढून ‘काही वाटत नाही’ घाला. ‘मला उन्हात चालण्याचं काही वाटत नाही’ जमलं, तर ‘बी यूस्ट टू’. ‘त्याला तंबाखू खाण्याचं काही वाटत नाही’ म्हटलं की भलताच अर्थ निघाला, म्हणून ‘हॅबिट’.

सुरुवातीचं वाक्य पुन्हा याच कसोटीवर लावा. ‘मला पाचला उठायची सवय आहे’ म्हणजे पाचला उठणं मला जड जात नाही. कंपनीची पहिली पाळी सकाळी सहाची असेल आणि तुम्हाला विचारलं की जमेल का, तर ‘आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप अर्ली’ हेच नेमकं उत्तर. पण नुसतं किती वाजता उठता विचारलं असेल, तर ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’ पुरे.

दुसऱ्याच्या वागण्याची सवय असेल तर त्या माणसाला ‘टू’ आणि आयएनजीच्या मध्ये बसवायचं. लोकांनी मोठ्याने बोलायची मला सवय आहे: ‘आय ॲम यूस्ट टू पीपल टॉकिंग लाउडली.’ हे एकदा जमलं की इंग्रजी एकदम मोकळं वाटायला लागतं.

तिसरा साचा: सवय होणं

‘बी’ म्हणजे सवय आहे, ‘गेट’ म्हणजे सवय होणं. पुढचं सगळं दुसऱ्या साच्यासारखंच, नाम किंवा आयएनजी. फरक एवढाच की ‘गेट’ हे चालतं-बोलतं क्रियापद असल्यामुळे ते सगळ्या काळांत वळतं:

सवय होतेय: आय ॲम गेटिंग यूस्ट टू इट.
सवय झाली: आय गॉट यूस्ट टू इट.
सवय झालीय: आय हॅव गॉट यूस्ट टू इट.
सवय होईल: यू विल गेट यूस्ट टू इट.
सवय होत नाही: आय कान्ट गेट यूस्ट टू इट.

‘सवय झालीय’ला ‘आय ॲम यूस्ट टू इट नाउ’ हेही चालतं, कारण सवय झाली म्हणजे आता ती आहे. गोष्ट सांगताना, म्हणजे आधी नव्हती, मग हळूहळू आली असा प्रवास सांगायचा असेल, तर ‘गॉट’ बरा. उत्तर भारतातल्या मुलांना आणि आपल्यालाही ‘आय ॲम बिकमिंग यूस्ट टू’ म्हणावंसं वाटतं. ते चूक नाही, पण बोलण्यात ‘गेट’च जास्त येतो. ‘आय विल यूस्ट टू इट’ मात्र चूक आहे. ‘विल’च्या पुढे ‘गेट’ किंवा ‘बी’ हवाच, कारण ‘यूस्ट’ इथे क्रियापद नाही.

‘सवय लागली’ जरा जपून. ‘पोराला मोबाईलची सवय लागली’ यात तक्रार आहे, ते व्यसनाकडे झुकतं. त्याला ‘गेट यूस्ट टू’ नाही. ‘ही हॅज गॉट ॲडिक्टेड टू द फोन’ असं काहीतरी म्हणा. ‘अंगवळणी पडलं’ म्हणता येईल तिथे ‘गेट यूस्ट टू’ हमखास बसतं.

कडबा कुट्टी आणि वडील

आता तो चौथा, जो या तिघांत नाही पण पेपरात यांच्यात मिसळून येतो.

धिस मशीन इज यूझ्ड टू चॉप फॉडर.
माय फादर इज यूस्ट टू चॉपिंग फॉडर.

पहिलं वाक्य कडबा कुट्टीच्या यंत्राचं: हे यंत्र कडबा कापायला वापरतात. दुसरं वडिलांचं: वडिलांना कडबा कापायची सवय आहे. दोन्हींत ‘इज’ आणि तोच शब्द, पण पहिल्यात पुढे ‘चॉप’ हे पहिलं रूप. कारण ते ‘यूज’ म्हणजे वापरणे या क्रियापदाचं कर्मणी रूप आहे आणि ‘टू चॉप’ म्हणजे ‘कापायला’, कशासाठी ते सांगणारं. इथे आयएनजी हवाच असेल तर ‘टू’ जाऊन ‘फॉर’ येतो: ‘इज यूझ्ड फॉर चॉपिंग.’

म्हणजे ‘माय फादर इज यूझ्ड टू चॉप फॉडर’ लिहिलंत तर वडिलांचंच यंत्र झालं. चाचणी सोपी आहे: मराठीत ‘वापरतात’ घालून बघा. बसलं तर पहिलं रूप. ‘सवय आहे’ बसलं तर आयएनजी.

एक उतारा, वाक्यावाक्याने

समजा, एका मुलीला पुण्यातल्या मुलाखतीत स्वतःबद्दल सांगायचंय. तिच्या मनातली मराठी अशी आहे:

‘आम्ही उदगीरजवळच्या एका खेड्यात राहायचो. उन्हाळ्यात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळं मला पाणी जपून वापरायची सवय आहे. अकरावी-बारावीला मी दोन वर्षं लातूरला राहिले. सुरुवातीला मेसचं जेवण गळ्याखाली उतरायचं नाही. हळूहळू सवय झाली. आता पुण्यात आहे, पण इथल्या ट्रॅफिकची सवय काही होत नाही. घरी पाचला उठायची, आता सहाला उठते.’

‘राहायचो’: सवय शब्द नाही, मोजणी नाही, आणि आता राहत नाहीत. पहिला साचा. ‘वी यूस्ट टू लिव्ह इन अ व्हिलेज निअर उदगीर.’ घरचे अजून तिथेच राहत असतील तर मात्र हे वाक्य त्यांना गावातून उठवून देतं. मग ‘माय फॅमिली लिव्ह्ज इन अ व्हिलेज निअर उदगीर’ म्हणावं लागेल. हे तिने आधी स्वतःशी ठरवायचं.

‘पाणी यायचं’: वारंवार घडणारं आहे आणि ‘आठ-दहा दिवसांनी’ हा रिवाज आहे, मोजणी नाही. ‘इन समर, टॅप वॉटर यूस्ट टू कम वन्स इन एट ऑर टेन डेज.’ आजही तसंच येत असेल तर ‘कम्स’. त्याच वाक्याचा पुढचा भाग: सवय आहे, आणि ‘पाणी जपण्याचं काही वाटत नाही’ बसतं. दुसरा साचा. ‘सो आय ॲम यूस्ट टू यूझिंग वॉटर केअरफुली.’ ‘यूस्ट टू यूझिंग’ जिभेला अडखळायला होतं आणि ‘एकच शब्द दोनदा आला’ म्हणून मुलं यातलं एक खोडून टाकतात. खोडू नका, दोन्ही वेगळे आहेत. फारच अडत असेल तर ‘यूस्ट टू सेव्हिंग वॉटर’ म्हणा.

‘दोन वर्षं राहिले’: मोजणी आली. ‘आय लिव्ह्ड इन लातूर फॉर टू इयर्स.’ इथे ‘यूस्ट टू’ घालायचा मोह होतो, कारण लातूर आता सुटलंय. मोह टाळा.

‘गळ्याखाली उतरायचं नाही’: यात ‘-ायचं नाही’ आहे म्हणून ‘डिडन्ट यूस टू’ लावावंसं वाटेल. पण तिला सांगायचंय की खाता येत नव्हतं, म्हणजे अडचण, जुनी रीत नव्हे. ‘ॲट फर्स्ट, आय कुडन्ट ईट द मेस फूड.’ ‘-ायचो’ दिसला की दरवेळी ‘यूस्ट टू’ नाही, याचं हे चांगलं उदाहरण. ‘आज मला बँकेत जायचं आहे’ यातही ‘जायचं’ आहे आणि तिथे तर ‘हॅव टू गो’ लागतं.

‘हळूहळू सवय झाली’: बदल घडला आणि ती गोष्ट सांगतेय. तिसरा साचा, भूतकाळ. ‘ग्रॅज्युअली, आय गॉट यूस्ट टू इट.’ इथे ‘आय वॉज यूस्ट टू इट’ म्हटलं तर ‘हळूहळू’ कुठे बसवणार?

‘सवय काही होत नाही’: ‘बट आय स्टिल कान्ट गेट यूस्ट टू द ट्रॅफिक.’ ट्रॅफिक हे नाम आहे, म्हणून आयएनजीचा प्रश्न नाही. ‘त्यात गाडी चालवायची सवय’ म्हणायचं असेल तर ‘गेट यूस्ट टू ड्रायव्हिंग इन धिस ट्रॅफिक’.

शेवटच्या वाक्यात दोन काळ शेजारी आहेत आणि तेच सगळ्यात जास्त बिघडतं. ‘उठायची’ला पहिला साचा, ‘उठते’ला साधा वर्तमानकाळ: ‘ॲट होम आय यूस्ट टू गेट अप ॲट फाइव्ह. नाउ आय गेट अप ॲट सिक्स.’ दुसऱ्या भागात ‘नाउ आय यूस्ट टू गेट अप’ कधीच होणार नाही. ‘नाउ’ आणि एकटं ‘यूस्ट टू’ एकमेकांशेजारी बसत नाहीत. असं लिहिलेलं दिसलं की चूक हमखास.

पेपरात रिकामी जागा आली तर

‘यूस्ट टू’नंतर रिकामी जागा असली की आधी डावीकडे बघायचं. डावीकडे काही नाही, तर पहिलं रूप. ‘गेट’चं कुठलंही रूप आहे, तर आयएनजी. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी काही आहे, तर कर्ता बघा: यंत्र, दोरी, पैसा, पाणी अशी वापरायची वस्तू असेल तर पहिलं रूप, माणूस असेल तर आयएनजी.

नव्वद टक्के प्रश्न एवढ्यावर सुटतात म्हणायला हरकत नाही, पण बैल आला की थांबा. बैलाला सवयही होते आणि बैल वापरलेही जातात.

बुलॉक्स आर यूझ्ड टू प्लाउ द फील्ड्स.
बुलॉक्स आर यूस्ट टू प्लाउइंग द फील्ड्स.
बुलॉक्स यूस्ट टू प्लाउ द फील्ड्स.

तिन्ही बरोबर आहेत. पहिल्यात बैल नांगरटीला वापरतात. दुसऱ्यात बैलांना नांगरायची सवय आहे, त्यांना ते जड जात नाही. तिसऱ्यात पूर्वी बैल नांगरायचे, आता ट्रॅक्टर आलाय. असा प्रश्न आला तर पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर ठरत नाही: पुढे ‘बट नाउ ट्रॅक्टर्स डू द वर्क’ असेल तर ‘आर’ असलेले दोन्ही पर्याय बाद करा.